दोन दाती, चार दाती: दातांवरून बोकडाचं वय ओळखण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बकरी ईद तीन-चार आठवड्यांवर आली की माझ्या फोनवर बोकडांच्या तोंडांचे फोटो यायला लागतात. आमच्या गावी संगमनेरकडे पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या आहेत, मी गोवंडीला राहतो आणि देवनारच्या बाजारात ओळखीच्या लोकांबरोबर दरवर्षी फिरतो. एवढंच माझं भांडवल. तेच ते प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवली आहेत. बहुतेक प्रश्न शेळी-बोकडाचे आहेत, मेंढी आणि म्हशीचे शेवटाकडे घेतले आहेत.

१. "दोन दाती" म्हणजे नक्की काय? माझ्या बोकडाला तर आठ दात दिसतायत.

आठ दिसणारच. शेळीच्या खालच्या जबड्यात पुढे आठ दात असतात आणि करडू महिन्याभराचं होईपर्यंत ते सगळे बाहेर आलेले असतात. पण ते दुधाचे. पुढे ते मधल्या जोडीपासून सुरू होऊन एकेक जोडी पडत जातात आणि त्यांच्या जागी पक्के दात येतात. बाजारात "दोन दाती" म्हणतात तेव्हा फक्त पक्के दात मोजलेले असतात. मधले दोन बदलले की दोन दाती, त्यांच्या दोन्ही बाजूंचा एकेक बदलला की चार दाती, मग सहा, मग आठ. एकही पक्का दात नसेल तर तो आदत. बैलबाजारात यालाच आदत, दुसा, चौसा म्हणतात.

वरच्या जबड्यात पुढे दातच नसतात, तिथे नुसती कडक हिरडी असते. दर वर्षी कोणीतरी घाबरून विचारतं की बोकडाचे वरचे दात पाडलेत का. नाही पाडलेले, ते कधी नव्हतेच. दाढा मात्र वर-खाली दोन्हीकडे असतात.

२. पक्का दात आणि दुधाचा दात यांत फरक कसा ओळखायचा?

रुंदीवरून. दुधाचा दात बारीक, आखूड आणि पांढराशुभ्र असतो, तांदळाच्या दाण्याची आठवण व्हावी असा. पक्का दात त्याच्या जवळजवळ दुप्पट रुंद, वर फावड्यासारखा पसरलेला आणि किंचित पिवळट असतो. दोन्ही शेजारी शेजारी असले की पहिल्यांदा बघणाऱ्यालाही फरक कळतो. गोंधळ होतो तो सगळे दुधाचे किंवा सगळे पक्के असतात तेव्हा, कारण तुलनेला काही नसतं. अशा वेळी तुमच्या बरोबरच्या माणसाला शेजारच्या दावणीतल्या एखाद्या लहान करडाचं तोंड बघून यायला सांगा.

रंगावर जाऊ नका. हिरवा पाला खाऊन दात तपकिरी पडतात, त्याचा वयाशी संबंध नाही.

३. कोणत्या वयात किती दात येतात?

पहिली जोडी साधारण १३ ते १६ महिन्यांत येते. एखाद्याला वर्ष पुरं होता होता येते, एखाद्याला १८ महिने लागतात. दुसरी जोडी दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान, तिसरी अडीच ते तीनच्या आसपास आणि चौथी तीन ते चार वर्षांत.

हे आकडे घड्याळासारखे नाहीत. एकाच शेळीच्या एकाच वेताच्या दोन करडांत महिना-दीड महिन्याचा फरक मी घरी बघितला आहे. चांगल्या खुराकावरचं जनावर लवकर दात टाकतं, दुष्काळात वाढलेलं उशिरा. म्हणून "दातांवरून १४ महिन्यांचा आहे" असं कोणी ठामपणे सांगत असेल, तर त्याला एक तर जन्मतारीख माहीत आहे किंवा तो तुम्हाला खूश करतोय. दात वयाची पट्टी सांगतात, तारीख नाही.

४. तोंड कसं बघायचं? बोकड चावत नाही का?

तोंड उघडायचंच नाही, नुसते ओठ बाजूला करायचे. एकाने बोकड दोन पायांच्या मध्ये धरावा आणि शिंगांच्या बुडाला हात द्यावा. दुसऱ्याने समोरून अंगठ्याने खालचा ओठ खाली ओढावा आणि दुसऱ्या हाताने वरचा ओठ उचलावा. पाच सेकंदांत काम होतं. बोट मागे दाढांपर्यंत नेऊ नका, तिथे खरंच तुटेल.

बघायचं ते दिवसा उजेडी. देवनारला रात्री पिवळ्या बल्बखाली सगळेच दात पिवळट आणि पक्के वाटतात. आणि ओठांवर खपल्या किंवा फोड दिसले तर हात लावू नका. तो मावा नावाचा तोंडाचा रोग असू शकतो आणि तो माणसाच्या हाताला होतो. तोंडातून लाळ गळत असेल आणि पायही दुखरे असतील तर लाळ-खुरकताची शंका घ्या आणि पुढच्या दावणीकडे जा. एका बोकडाचं तोंड बघून तोच हात दुसऱ्याच्या तोंडाला लावण्याआधी धुवा. बाजारात रोग असाच फिरतो.

५. कुर्बानीसाठी दोन दात असणं बंधनकारक आहे का?

मी मौलवी नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या इमामसाहेबांचा. पण बाजारात जो गोंधळ होतो तो सांगतो. हनफी मतात अट वयाची आहे, दाताची नाही: बोकडाला एक वर्ष पूर्ण हवं. दोन दात ही त्या वर्षाची खूण म्हणून बघतात, कारण पहिली जोडी वर्षाच्या आत सहसा येत नाही. दात नाहीत पण वर्ष खरोखर झालं आहे, असा बोकड अटीत बसतो. प्रश्न फक्त खात्री पटण्याचा राहतो, त्यासाठी प्रश्न ७ पाहा.

हे वर्ष चांद्र असतं, म्हणजे साधारण ३५४ दिवसांचं. त्यामुळे हिशेब फार सोपा होतो: बोकड गेल्या बकरी ईदच्या आधी जन्मला होता का, एवढंच विचारायचं. २०२४ ची ईद १७ जूनला होती, २०२५ ची ७ जूनला. मधले दिवस ३५५.

६. आम्ही कोकणी, शाफई आहोत. आम्हाला दोन दाती चालतो का?

हा प्रश्न मुंबईत जितका विचारायला हवा तितका विचारला जात नाही. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई, आणि शाफई मतात शेळी-बोकडाला दोन वर्षं पूर्ण होऊन तिसरं लागलेलं हवं. देवनारचा सगळा बाजार मात्र "दो दांत" या एकाच मापावर चालतो, कारण बहुतेक गिऱ्हाईक हनफी. मधले दोन पक्के आणि बाजूचे दुधाचे, असा बोकड बहुधा दोन वर्षांच्या आतलाच असतो.

मग चार दाती घेतला की झालं? जवळजवळ. दुसरी जोडी काहींना विसाव्या महिन्यातच येते, त्यामुळे चार दात नुकतेच वर आलेले असतील तर दोन वर्षं झालीच असं म्हणता येत नाही. चारही दात पूर्ण उंचीचे, वरची कड थोडी घासलेली आणि तिसऱ्या जोडीचे दुधाचे दात हलायला लागलेले, असं तोंड शोधा. असे बोकड बाजारात कमी असतात, म्हणून आधी जायला लागतं. मेंढ्याला शाफई मतात एक वर्ष धरतात, त्यामुळे बरीच कोकणी घरं मेंढा घेऊन प्रश्न मिटवतात.

७. विक्रेता म्हणतो "साल का हो गया, दांत अभी आने वाले हैं." विश्वास ठेवू का?

खरं असू शकतं. पण तोंडात त्याचा पुरावा सापडायला हवा. लहान करडाचे दुधाचे दात एकमेकांना चिकटून, टोकदार आणि घट्ट असतात. वर्षाच्या आसपास ते घासून आखूड होतात, त्यांच्यात फटी पडतात आणि मधले दोन बोट लावलं की हलतात. पक्का दात येण्याच्या बेतात असेल तर मधल्या जोडीखालची हिरडी फुगलेली लागते. हे सगळं असेल तर विक्रेत्याचं म्हणणं तोंडाशी जुळतं. दात घट्ट, टोकदार आणि फटी नसतील, तर सात-आठ महिन्यांचा खाऊन-पिऊन फुगलेला बोकड समजा.

वजनावर भुलू नका. सोजत किंवा बीटल जातीचा चांगला पोसलेला आठ महिन्यांचा बोकड आपल्या उस्मानाबादी दोन दाती बोकडापेक्षा सहज जड भरतो.

८. एक प्रत्यक्ष उदाहरण द्याल का?

२०२५ च्या मेअखेर, ईदला आठवडा असताना, चेंबूरच्या एका ओळखीच्या कुटुंबाबरोबर गेलो होतो. हनफी घर, दोन बोकड पसंत पडले होते आणि एकच घ्यायचा होता.

पहिला पांढरा, गुलाबी कातडीचा, ३८ किलोचा. विक्रेता म्हणाला सोळा महिने. ओठ खाली केला तर मधल्या दोघांपैकी उजवा पक्का, अर्धा वर आलेला. डावा दुधाचा, लोंबकळत. त्यांच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन बारीक दुधाचे दात. म्हणजे पहिली जोडी आत्ताच बदलतेय. घरातले काका लगेच म्हणाले, "एकच दात आहे, हा चालणार नाही." पण जोडीतले दोन दात कधीच एका मिनिटाला येत नाहीत, काही दिवसांचा फरक पडतोच. माझा अंदाज १३ ते १५ महिने. त्याचा जन्म मार्च-एप्रिल २०२४ चा धरला तर तो १७ जूनच्या आधीचा. अंदाज महिन्याभराने चुकला आणि बोकड १२ महिन्यांचाच निघाला, तरी जन्म मेअखेरचा, म्हणजे पुन्हा आधीचाच. विक्रेत्याचे सोळा महिने मला थोडे जास्त वाटले, पण अशक्य नाहीत, आणि अटीसाठी त्याने फरक पडत नव्हता.

दुसरा काळा-तपकिरी, ४५ किलोचा, त्याच भावात. सगळ्यांचं मन त्याच्यावर होतं. विक्रेता म्हणाला "पूरे साल का है." तोंडात आठही दुधाचे, शिस्तीत चिकटून उभे, कड धारदार, एकही हलत नाही. मी विचारलं, गेल्या ईदला हा होता का? तो म्हणाला, "होगा ना." या "होगा ना"वर सात किलो जास्त वजन सोडून आम्ही पहिला घेतला. दुसरा कदाचित वर्षाचा असेलही. पण तोंड तसं म्हणत नव्हतं आणि माणूसही ठामपणे म्हणत नव्हता.

९. दात पाडून बोकड "दोन दाती" करतात, हे खरं आहे का?

खरं आहे. मधले दोन दुधाचे दात पकडीने काढतात आणि सांगतात की "गिर गए, अब नए आ रहे हैं." ओळखायला कठीण नाही. आपोआप दात पडतो तेव्हा खालून पक्क्याची कड त्याला ढकलत असते, त्यामुळे मोकळ्या जागेत पांढरी रुंद कड दिसते किंवा बोटाला तरी लागते. ओढून काढलेल्या जागी नुसता खड्डा असतो: फाटलेली हिरडी, गोठलेलं रक्त, कधी पू, किंवा दाताचा तुटका बुंधा. शेजारचे दात घट्ट आणि धारदार असतील तर शंका पक्की. असा बोकड खाणंही टाळतो, समोर पाला धरून बघा.

विक्रेत्यांसाठी: दुधाचा दात उपटल्याने पक्का लवकर येत नाही. हाती लागते ती जखम आणि ऐन विक्रीच्या आठवड्यात घटलेलं वजन. शिवाय प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहेच.

१०. म्हातारी शेळी "दोन दाती" म्हणून विकतात का?

विकतात, आणि मी स्वतः घेतली आहे. गावी पाळायला म्हणून एका आठवडे बाजारातून घेतली, संध्याकाळची वेळ, घाई होती. मधे दोन मोठे पक्के दात दिसले, बाजूला काही ठळक दिसलं नाही, मी म्हटलं दोन दाती. घरी आल्यावर आईने ओठ खाली केला आणि हसायलाच लागली. बाजूचे दुधाचे दात नव्हतेच, तिथे रिकामी हिरडी आणि दोन बुंधे होते. आठाचे झिजून, पडून दोन उरलेले.

खऱ्या दोन दातीत मधल्या दोघांच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन बारीक दुधाचे दात रांगेत हवेतच. म्हाताऱ्या तोंडात उरलेले दात लांबट, बुडाशी निमुळते आणि हलणारे असतात, हिरडी मागे सरकलेली असते. त्यामुळे पक्के मोजायच्या आधी एकूण आठ भरतात का ते मोजा. आम्ही ती शेळी ठेवली, पण तिने एकच वेत दिलं.

११. आठही दात पक्के झाल्यावर वय कसं कळतं?

नीटसं कळत नाही. चारच्या पुढे दात झिजतात, पाच-सहाच्या सुमारास त्यांच्यात फटी पडतात, मग तुटायला लागतात आणि शेवटी तोंडाचं बोळकं होतं. पण ही झीज वयापेक्षा चाऱ्यावर जास्त अवलंबून असते. माळावर, मातीलगतचं खुरटं गवत खाणारी शेळी लवकर झिजते, दावणीला कापलेला चारा खाणारी उशिरा. पाळण्यासाठी घेताना मी आठ दातीच्या पुढे जात नाही, दोन किंवा चार दाती पाठ, म्हणजे अजून न व्यालेली तरुण शेळी, सगळ्यात बरी.

१२. तोतापरी बोकडाचे दात बाहेर दिसतात. त्याचं वय कसं बघायचं?

तोतापरीचं नाक बाकदार आणि खालचा जबडा पुढे आलेला असतो, त्यामुळे खालचे दात वरच्या हिरडीवर टेकतच नाहीत. पक्के दात मोजण्याची रीत तीच, उलट ओठ न उचलताही मोजता येतात. पण झिजेवरून काही ठरवू नका. दात घासलेच जात नाहीत, म्हणून आठ दाती तोतापरीचेही कोरे दिसू शकतात. प्रश्न ७ मधल्या खुणांपैकी हलणं आणि हिरडीचा फुगवटा एवढ्यावर भर द्या.

१३. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोवरून बोकड बुक करू का?

नुसत्या तोंडाच्या फोटोवरून नको. तो फोटो कोणत्याही बोकडाचा असू शकतो. व्हिडिओ मागा आणि सांगा की न थांबवता आधी समोरून ओठ खाली करून दात दाखवा, मग तसाच कॅमेरा वर नेऊन चेहरा, शिंगं आणि कानातला बिल्ला दाखवा. घरी बोकड आल्यावर तोच व्हिडिओ लावून ताडून बघा आणि पैसे त्यानंतर पूर्ण करा.

१४. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरून वय कळत नाही का?

बिल्ल्यावर १२ अंकी क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाची नोंद सरकारी यंत्रणेत असते, तिच्यात वयही असतं. पण ते वय बिल्ला मारताना मालकाने सांगितलेलं किंवा दात बघून लिहिलेलं. नोंद करडू असतानाची असेल तर ती दातांपेक्षा भरवशाची. आठवड्यापूर्वीची असेल तर तिची किंमत विक्रेत्याच्या शब्दाएवढीच.

पाळणाऱ्यांना माझं सांगणं आहे की करडू जन्मल्या दिवशी आईबरोबरचा एक फोटो काढून ठेवा. फोनवर तारीख राहते. वर्षाने दात नसलेला बोकड विकताना हा फोटो कोणत्याही शपथेपेक्षा जास्त कामाला येतो.

१५. मेंढ्यालाही हेच लागू का?

दातांचा क्रम तोच, वयंही जवळपास तीच. अडचण एका ठिकाणी येते. हनफी मतात सहा महिन्यांचा पण वर्षाच्या मेंढ्यासारखा भरलेला मेंढा चालतो. तिथे पुढचे दात कामाचे नाहीत, कारण चार महिन्यांच्या आणि सहा महिन्यांच्या कोकराच्या तोंडात पुढे सारखेच आठ दुधाचे दात असतात. तिथे जन्माची नोंद किंवा ओळखीचा धनगरच हवा.

१६. तबेल्यासाठी म्हैस घेताना दातांचा किती उपयोग?

बोलणं पडताळायला चांगला उपयोग होतो. म्हशीचे दात उशिरा येतात, पहिली जोडी अडीच ते तीन वर्षांच्या दरम्यान, आणि आठही जुळायला पाच-सहा वर्षं जातात. पहिल्यांदा विणारी म्हैस साधारण साडेतीन-चार वर्षांची असते, म्हणजे दोन किंवा चार दाती, फार तर सहा. "पहिलारू आहे" म्हणून दाखवलेल्या म्हशीचे आठही दात जुळलेले आणि वरून सपाट घासलेले असतील, तर एक तर ती फार उशिरा गाभण राहिली आहे किंवा तिची दोन-तीन वेतं तुम्हाला सांगितलेली नाहीत. दोन्ही कारणांनी भाव खाली यायला हवा. शिंगांवरची वळी मोजून वय सांगणारे भेटतील, पण शिंगं तासून तेल लावली की वळी जातात. तेव्हा शिंगांकडे बघून होऊ द्या आणि मग ओठ खाली करा.